८० च्या वरचा स्टोकॅस्टिक आणि सुटून गेलेला शेअर: एका व्यवहारवहीचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या लेखापालांचे आहे. त्यांच्या संमतीने ते येथे मांडत असून त्यांचा उल्लेख ‘श्री. क’ असा केला आहे. त्यांनी ज्या शेअरमध्ये व्यवहार केले, त्याचे नाव वगळले आहे आणि भाव जवळच्या रुपयात घेतले आहेत. तो भांडवली वस्तू बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर होता आणि त्याचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, उपलब्ध होते. काळ ऑगस्ट ते डिसेंबर २०२३ चा. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाची वही जशी असते तशीच ती होती. प्रत्येक व्यवहारासमोर तारीख, भाव, निर्देशकाचा त्या दिवशीचा आकडा आणि कारण असे सगळे लिहिलेले असल्यामुळे निर्णय नेमका कुठे चुकला हे नंतर बोट ठेवून दाखवता आले.

श्री. क वापरत होते तो निर्देशक म्हणजे जॉर्ज लेन यांच्या नावाशी जोडला गेलेला स्टोकॅस्टिक ऑसिलेटर. त्याचे सूत्र अगदी साधे आहे.

```
%K = 100 × (C − L14) / (H14 − L14)
%D = %K ची 3 सत्रांची सरासरी
```

यात C म्हणजे आजचा बंद भाव आणि H14 व L14 म्हणजे गेल्या चौदा सत्रांतील सर्वांत वरचा व सर्वांत खालचा भाव. चौदा सत्रांच्या पट्ट्यात आजचा बंद भाव कोणत्या उंचीवर आहे, एवढेच %K सांगतो. आकडा ८० च्या वर गेला की ‘ओव्हरबॉट’ आणि २० च्या खाली गेला की ‘ओव्हरसोल्ड’ म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते हे दोन शब्दच पुष्कळ नुकसानाचे मूळ आहेत, कारण खरेदी अति झाली आहे असे सूत्रात कुठेही मोजलेले नाही. तेथे फक्त जागा मोजलेली आहे.

रेंजमधील अडीच महिने

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत हा शेअर साधारण ३६० ते ४०० रुपयांच्या दरम्यान वर-खाली होत राहिला. श्री. क यांचा नियम असा होता की %K २० च्या खाली जाऊन परत वर आला की दुसऱ्या दिवशी ६०० शेअर घ्यायचे आणि ८० च्या वर जाऊन परत खाली आला की दुसऱ्या दिवशी विकायचे. नियमातील ‘परत’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुढे तोच गळून पडला.

शेवटच्या फेरीचा हिशेब पाहिला म्हणजे रेंजमध्ये हा निर्देशक का चालतो ते कळते. २६ ऑक्टोबरला, म्हणजे निफ्टीने १८,८३७ चा तळ दाखवला त्या दिवशी, शेअर ३६२ पर्यंत उतरून ३६६ वर बंद झाला. चौदा सत्रांचा वरचा भाव ४०१ होता, म्हणून पट्टा ३९ रुपयांचा आणि %K १०.३. दुसऱ्या दिवशी बंद भाव ३७१ आणि %K २३.१ झाला, तेव्हा ३० तारखेला त्यांनी ३७२ ला खरेदी केली. २ नोव्हेंबरला बंद भाव ३९६ झाला आणि %K ८७.२ वर गेला. ३ तारखेला ३९३ वर बंद होऊन तो ७९.५ वर उतरला. सोमवारी, ६ तारखेला, बाजार उघडताच त्यांनी ३९४ ला विक्री केली. नफा १३,२०० रुपये.

येथे निर्देशक बरोबर ठरला, कारण पट्ट्याची दोन्ही टोके जागच्या जागी होती. ४०१ आणि ३६२ हे निव्वळ चौदा सत्रांचे आकडे नव्हते. त्या भावांना खरोखरच विकणारे आणि घेणारे उभे होते. त्यामुळे पट्ट्यातील जागा आणि बाजारातील जागा एकच होती. अशा चार फेऱ्यांत त्यांना अनुक्रमे ९,००० रुपये नफा, ३,६०० तोटा, १२,६०० नफा आणि १३,२०० नफा झाला, म्हणजे खर्च वजा करण्यापूर्वी एकूण ३१,२०० रुपये. डिलिव्हरीत खरेदीला आणि विक्रीलाही ०.१ टक्का एसटीटी हा व्यवहारकर लागतो. तो आणि इतर आकार धरूनही हिशेब चांगलाच म्हणावा लागेल.

आणखी एक नोंद पुढच्या दृष्टीने आवश्यक आहे. ११ सप्टेंबरला निफ्टीने पहिल्यांदा २०,००० चा आकडा पाहिला, तेव्हा हा शेअरही दिवसात ४०५ पर्यंत गेला होता. पण तो ४०० वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी मिडकॅप शेअरमध्ये जोरदार विक्री आली तेव्हा परत रेंजमध्ये आला. श्री. क यांनी वहीत लिहिले: ‘४०० च्या वर टिकत नाही.’ त्या दिवसापुरते ते खरेच होते.

समस्या: ६ नोव्हेंबर

त्यांनी सकाळी ३९४ ला विकले त्याच दिवशी दुपारी कंपनीचे तिमाही निकाल आले. शेअर ४०६ पर्यंत जाऊन ४०४ वर बंद झाला आणि उलाढाल नेहमीच्या जवळपास तिप्पट होती. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच रेंजच्या बाहेर बंद भाव मिळाला होता. %K होता ९५.५.

विक्री चुकली असे मी म्हणणार नाही. नियम रेंजसाठी होता आणि सकाळी रेंज शाबूत होती. खरा प्रश्न संध्याकाळी उभा राहिला, आणि त्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, काहीच न करणे. दुसरी, रेंज संपली असे मानून थोड्या चढ्या भावाने परत घेणे आणि भाव पुन्हा ४०० च्या आत बंद झाला तर बाहेर पडणे. तिसरी, हेही सप्टेंबरसारखेच फसवे आहे असे धरून भाव उतरण्याची वाट पाहणे. त्यांनी तिसरी निवडली. वहीत कारण एकाच ओळीत आहे: ‘%K ९५. आता घेणे वेडेपणा.’

सप्टेंबर आणि नोव्हेंबर यांच्यातील फरक मात्र वहीतच लिहिलेला होता. तेव्हा भाव दिवसात वर जाऊन आत बंद झाला होता आणि या वेळी बाहेर बंद झाला. ७ तारखेला शेअर ४०३ पर्यंत उतरला, पण जुन्या छताच्या, म्हणजे ४०१ च्या, खाली गेला नाही. ज्या भावाला अडीच महिने विकणारे उभे होते त्याच भावाला आता घेणारे आले होते. परत शिरण्याची सर्वांत स्वस्त संधी ती होती, कारण चुकले असते तर शेअरमागे पाच-सहा रुपयांत बाहेर पडता आले असते.

पहिला शॉर्ट: २० नोव्हेंबर

पुढच्या दोन आठवड्यांत भाव सावकाश वर सरकत गेला. १७ नोव्हेंबरला बंद भाव ४२४, चौदा सत्रांचा वरचा भाव ४२७ आणि खालचा ३७४ होता, म्हणजे %K ९४.३. श्री. क त्या काळात आपल्या मित्रमंडळात म्हणत असत, “अहो, चौऱ्याण्णव झालंय, आता अजून किती जाणार?” आकडा १०० च्या पुढे जाऊ शकत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण आकड्याला असलेले छत त्यांनी नकळत भावावर नेऊन बसवले होते.

शेअर हातात नसताना केलेली विक्री म्हणजे शॉर्ट. रोखीच्या बाजारात अशी विक्री करून ती दुसऱ्या दिवशी नेता येत नाही, म्हणून ते फ्युचर्सकडे वळले. लॉट, म्हणजे एका सौद्याचा ठरलेला आकार, १,२५० शेअरचा होता. ज्या माणसाने अडीच महिने ६०० शेअरच्या वर पाऊल टाकले नव्हते, त्याचा सौदा एका दिवसात दुपटीहून मोठा झाला. ही बाब त्यांच्या लक्षातही आली नव्हती, कारण खात्यातून फक्त मार्जिनची, म्हणजे सौद्यासाठीच्या अनामतीची, रक्कम अडकलेली दिसत होती. २० नोव्हेंबरला त्यांनी नोव्हेंबरचा लॉट ४२३ ला विकला.

आता मूळ नियम आठवावा. रेंजमध्ये ते %K ८० च्या खाली परत येईपर्यंत थांबत असत. येथे तो ८० च्या वर असतानाच त्यांनी विक्री केली. ‘परत’ हा शब्द गळाला तो येथे. २३ तारखेला भाव ४४१ पर्यंत गेला तेव्हा त्यांनी ४३९ ला सौदा बंद केला. शेअरमागे १६ रुपये, म्हणजे २०,००० रुपयांचा तोटा झाला.

दुसरा शॉर्ट: ३० नोव्हेंबर

या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगा भाग हा आहे, कारण या वेळी श्री. क आपल्या नियमाकडे परत आले होते. आता ते %K ८० च्या खाली येण्याची वाट पाहत थांबले, आणि २९ नोव्हेंबरला तसे झालेही. तरीही सौदा चुकलाच.

२४ नोव्हेंबरला बंद भाव ४३६, वरचा भाव ४४१ आणि खालचा ४०३ होता, %K ८६.८. सुट्टीनंतर २८ तारखेला बंद भाव ४३६ च राहिला, पण %K ८६.१ झाला. २९ तारखेला बंद भाव ४३४ झाला, म्हणजे फक्त दोन रुपयांनी कमी, आणि %K एकदम ७६.७ वर आला. दोन रुपयांच्या घसरणीने दहा अंक कसे गेले?

खालचा भाव ४०३ च राहिला असता तर ४३४ च्या बंद भावाला %K ८१.६ भरला असता, म्हणजे विक्रीचा संकेत मिळालाच नसता. पण दरम्यान ७ आणि ८ नोव्हेंबरचे नीचांक चौदा सत्रांच्या खिडकीतून बाहेर पडले आणि खालचे टोक ४११ वर आले. पट्टा ३८ रुपयांवरून ३० रुपयांचा झाला. म्हणजे %K च्या घसरणीतील जवळपास निम्मा वाटा भावाचा नव्हता. मोजपट्टीचे खालचे टोक वर उचलले गेल्याचा होता. आणि खालचे टोक वर उचलले जाणे हे मंदीचे लक्षण नव्हे, भाव चढत असल्याचेच ते लक्षण आहे. तेजी जितकी सरळ, तितके जुने नीचांक लवकर मागे पडतात आणि तितका %K क्षुल्लक विश्रांतीलाही दचकतो.

याच आकड्यात एक गंमत दडलेली आहे. १२ नोव्हेंबरला, रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताचे एक तासाचे सत्र झाले होते. चार्टवर त्याची स्वतंत्र कॅन्डल पडते आणि चौदा सत्रांच्या मोजणीत ती पूर्ण दिवसाइतकीच धरली जाते. ते सत्र मोजले नसते तर २९ तारखेची खिडकी ८ नोव्हेंबरपासून सुरू झाली असती, खालचा भाव ४०५ धरला गेला असता आणि %K ८०.६ आला असता. श्री. क यांनी १,२५० शेअर ज्या संकेतावर विकले तो दिवाळीच्या एका तासावर उभा होता, हे त्यांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ वहीकडे पाहत बसले.

३० नोव्हेंबरला, नोव्हेंबर मालिकेच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी डिसेंबरचा लॉट ४३५ ला विकला आणि या वेळी ४४५ चा स्टॉप लॉस वहीत लिहिला. १ डिसेंबरला निफ्टी विक्रमी पातळीवर बंद झाला. रविवारी, ३ तारखेला, विधानसभा निवडणुकांचे निकाल लागले आणि सोमवारी निफ्टी ४१८ अंकांनी वाढला. शेअरचे फ्युचर्स ४५५ ला उघडले, त्यामुळे ४४५ चा भाव आलाच नाही. त्यांनी ४५७ ला सौदा बंद केला आणि २७,५०० रुपयांचा तोटा सोसला. निवडणुकीच्या निकालाचा अंदाज त्यांनी बांधायला हवा होता असे माझे म्हणणे नाही. ठरलेल्या मोठ्या बातमीच्या आधी शनिवार-रविवार ओलांडून प्रवाहाविरुद्धचा सौदा उघडा ठेवला, एवढीच चूक.

परिणाम

दोन शॉर्टमध्ये ४७,५०० रुपये गेले, म्हणजे रेंजमध्ये मिळवलेले ३१,२०० गेलेच आणि वर १६,३०० रुपये पदरचे गेले. शिवाय ३९४ ला विकलेले ६०० शेअर, ज्यांचा भाव २९ डिसेंबरला ४७८ होता, हातातून सुटले. तो न मिळालेला नफा ५०,४०० रुपयांचा. मी तो तोट्यात धरत नाही, पण श्री. क यांनी तो लाल शाईने लिहून ठेवला आहे.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी त्यांना वहीतीलच तीन ओळी एकाखाली एक लिहायला सांगितल्या. ६ नोव्हेंबरला भाव ४०४ आणि %K ९५.५; १७ नोव्हेंबरला भाव ४२४ आणि %K ९४.३, ४ डिसेंबरला भाव ४५६ आणि %K ९५.६. भाव ५२ रुपयांनी वाढला आणि निर्देशक होता तिथेच राहिला. रेंजमध्ये हा आकडा भाव भिंतीपाशी पोहोचल्याचे सांगत होता. तेजीत भिंतच भावाबरोबर चालत होती, त्यामुळे आकडा फक्त एवढेच सांगत होता की शेअर रोज आपल्या अलीकडच्या उच्चांकाजवळ बंद होतो आहे. हे तर तेजीचेच वर्णन झाले.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट म्हणजे बाजाराची जात बदलल्याची खूण खुद्द %K मध्येच होती. रेंजच्या काळात तो ८० च्या वर सलग तीन सत्रांहून जास्त कधीच राहिला नव्हता. ६ ते २८ नोव्हेंबर या काळात तो सलग सोळा सत्रे ८० च्या वर होता. चौथ्या-पाचव्या सत्रालाच हे वागणे पूर्वीचे नाही असे म्हणता आले असते, आणि रेंजच्या बाहेरचा बंद भाव त्याला आधार देत होता. आमच्या मंडळात कोणी एडीएक्सचा, म्हणजे भावाच्या प्रवाहाचा जोर मोजणाऱ्या निर्देशकाचा, मुद्दा काढला. तो रास्त आहे, पण ६ नोव्हेंबरला एडीएक्स २० च्या खालीच होता आणि १७ तारखेपर्यंत २५ च्या वर गेला. म्हणजे पहिल्या शॉर्टपासून त्याने वाचवले असते, पण ७ तारखेच्या स्वस्त संधीसाठी तो उशिरा जागा झाला असता.

दुसरी गोष्ट विक्रीच्या प्रमाणाची. ६ तारखेला सकाळी ३०० शेअर विकून उरलेल्या ३०० ला, मागील दहा सत्रांच्या नीचांकाखाली बंद भाव आला तरच विकायचे, असा सरकता स्टॉप लावला असता तर रेंज टिकली असती तरी आणि तुटली असती तरी त्यांचे फारसे बिघडले नसते. याची किंमतही आहे. रेंज टिकली असती तर उरलेल्या ३०० शेअरवरचा बराचसा नफा परत द्यावा लागला असता. ती किंमत मला योग्य वाटते, श्री. क यांना अजून वाटत नाही.

तिसरी गोष्ट, चढत्या बाजारात स्टोकॅस्टिक टाकूनच द्यायचा का? २० डिसेंबरला निफ्टी ३०२ अंकांनी पडला, तेव्हा हा शेअर ४५१ वर बंद झाला. वरचा भाव ४७६ आणि खालचा ४३४ होता, म्हणजे %K ४०.५. तो २० पर्यंत गेलाच नाही. तेथूनच वळला आणि महिनाअखेर शेअर ४७८ वर होता. जोरदार तेजीत २० ची वाट पाहणाऱ्याला खरेदी मिळत नाही आणि ८० ला विकणाऱ्याचे शेअर लवकर जातात, म्हणून तेथे फक्त खरेदीची बाजू वापरावी आणि ४० ते ५० च्या आसपासून वर वळणे पाहावे, असे मी सुचवले. हा धरून बसण्यासारखा आकडा नाही. उतरत्या बाजारात तोच %K ४० वरून २० ला आणि तेथून ५ ला जातो, आणि मग ‘ओव्हरसोल्ड’ म्हणून घेणारा माणूस श्री. क यांच्याच जागी, फक्त उलट्या बाजूला, बसलेला असतो.

डायव्हर्जन्सचाही विषय निघाला, कारण लेन यांचा स्वतःचा भर त्यावर होता. भाव नवा उच्चांक करतो आणि निर्देशक करत नाही, ही खूण ८० च्या रेषेपेक्षा नक्कीच जास्त अर्थपूर्ण आहे. पण ४ डिसेंबरच्या उच्चांकाला %K ९५.६ होता आणि १७ नोव्हेंबरला ९४.३, म्हणजे या दोन तारखांत तीही खूण नव्हती. विकण्यासाठी निर्देशकाने एकही कारण दिलेले नव्हते.

जानेवारीपासून श्री. क यांच्या वहीत दोन नवे रकाने आहेत. एकात %K सलग किती सत्रे ८० च्या वर आहे ते लिहिले जाते. दुसऱ्यात त्या दिवशी खिडकीतून कोणता नीचांक बाहेर पडला तो भाव असतो, आणि त्याच्या डोक्यावर त्यांनी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘भाव हलला की पट्टी हलली?’